लीडने ४ दिले, हातात ३ आले. असं का?

प्रश्न: "सरांनी मला ४ रेटिंग दिलं होतं, पत्रात ३ आलं. बेल कर्व्हमध्ये बसवलं म्हणतात. म्हणजे माझं काम खराब झालं का?"

उत्तर: नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मी टीम लीड आहे, हेच मला माझ्या पोरांना सांगावं लागलं.

आमच्या विभागात ४० माणसं, पाच लीड. बेल कर्व्ह म्हणजे बहुतेकांना मधलं रेटिंग, टोकाचं थोड्यांनाच, हे प्रमाण आधीच ठरलेलं, घंटेच्या आकारासारखं. आमच्याकडे ४ किंवा ५ रेटिंग जास्तीत जास्त ३० टक्क्यांना, म्हणजे १२ जणांना. आम्ही पाच जणांनी मिळून दिलं २१ जणांना. पगारवाढीची रक्कम आधीच ठरलेली असते, शिवाय एक लीड सढळ हाताचा, दुसरा कडक. म्हणून बैठकीत सगळी नावं शेजारी शेजारी ठेवली आणि ९ जण खाली आले. माझ्या आठांपैकी पाच जणांना मी ४ दिले होते, त्यातले तीनच टिकले. ज्या दोघांच्या कामाची नोंद माझ्याकडे तोंडीच होती, तेच घसरले. ही चूक माझी होती, आणि मी त्यांना तसं सांगितलं.

मला ही पद्धत छोट्या टीमला न्याय देणारी वाटत नाही. घंटेचा आकार मोठ्या संख्येत दिसू शकतो. निवडून घेतलेल्या आठ माणसांत तो असेलच असं नाही.

तुमच्या पत्रातला शेरा वाचा. शेरा चांगला आणि आकडा ३ असेल, तर बहुधा कर्व्हने खाली आणलंय. शेऱ्यातच चुकलेली उद्दिष्टं लिहिली असतील, तर प्रश्न कामाचा आहे. बैठकीआधीचं रेटिंग लीडला सरळ विचारा.