रात्रीच्या फोनबद्दल, दिवसा लिहिलेलं पत्र

गेल्या रविवारी तू आमच्याकडे आलास आणि चहा निम्मा व्हायच्या आत बसल्या जागी झोपलास. कपातल्या चहावर साय धरली. शेजारी उपडा ठेवलेला तुझा फोन दोनदा थरथरला, तसा तू झोपेतच दचकलास. काकूनं विचारलं, "याला बरं नाहीये का?" मी म्हटलं, "बरं आहे. याला एक मित्र आहे."

जागा झाल्यावर तू सगळं सांगितलंस. तो अजून सदाशिव पेठेतल्या तुमच्या त्याच खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, अकराला अभ्यासिका बंद झाली की खोलीवर येतो आणि तुला फोन लावतो. हुकलेला कटऑफ, बदललेला पॅटर्न, वडिलांचं टोमणे मारणं, गावाकडच्या लग्नात कुणी काय विचारलं, हे सगळं दीड वाजेपर्यंत चालतं. आणि चाकणच्या पहिल्या शिफ्टसाठी तुझी कंपनीची बस पावणेसहाला येते. जाता जाता तू विचारलंस, "काका, ब्लॉक करू का? की चालू देऊ? बिचारा एकटा आहे."

तेव्हा मी काही बोललो नाही, कारण मला राग आला होता. ब्लॉक करायचं किंवा चालू द्यायचं, हे दोनच रस्ते तुला दिसतात, कारण याचा विचार तू फक्त रात्री एक वाजता करतोस. म्हणून आज दुपारी जेवून, चष्मा पुसून लिहायला बसलोय. सांगायचं ते दिवसा सांग. या पत्रात हे वाक्य पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस.

हे मला इतकं का टोचतं, तेही सांगतो. १९९७ साली मी तुझ्याच जागी होतो. आम्ही दोघं एका खोलीत राहून अभ्यास करत होतो. मला सोलापूरला क्लार्कची ऑर्डर आली, मी सामान आवरलं आणि तो तिथंच राहिला. तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर लागायचा, म्हणून बूथबाहेर रांग असायची. त्याचा नंबर यायला साडेअकरा, कधी बारा वाजायचे. आमचा फोन घराच्या बैठकीत होता आणि वडील तिथंच झोपायचे. मी रिसीव्हर घेऊन वायर पुरेल तितका दाराकडे सरकायचो आणि उकिडवा बसून ऐकायचो. तिकडे काचेच्या केबिनमध्ये त्याच्यासमोर मीटरचे लाल आकडे पळत असत. पैसे संपत आले की तो म्हणायचा, "चल, ठेवतो." त्या मीटरनं मला वर्षभर वाचवलं. तुमच्या फोनला मीटरच नाही, त्यामुळे ते काम तुलाच करावं लागणार आहे.

शेवटी मी काय केलं? रात्री दहाला रिसीव्हर काढून बाजूला ठेवायला लागलो. त्याला मी काही म्हणजे काहीच सांगितलं नाही. पुढं नऊ-दहा वर्षांनी एका लग्नात तो भेटला. पंगतीत शेजारी बसला, मठ्ठा वाढून घेतला आणि हसत म्हणाला, "तुझा फोन कायम एंगेज असायचा रे." बस, इतकंच. पुढं काही बोलला नाही. मला सकाळी सहाची एसटी धरायची असायची, वडिलांना ब्लडप्रेशर होतं, झोप मोडली की ते दिवसभर चिडायचे. ही सगळी कारणं खरी होती आणि आजही मी ती खरीच मानतो. पण ती मी त्याला एकदा दुपारी सांगितली असती, तर त्याला रोज रात्री रांगेत उभं राहून एंगेज टोन ऐकावा लागला नसता. झोपेसाठी रिसीव्हर काढला यात माझी चूक नव्हती. न सांगता काढला, ही चूक होती. यावर काकूशी माझे अजून वाद होतात. ती म्हणते, तुला आठवण झाली की तू कारणं मोजतोस. मोजत असेन.

तर आता तुझं. तू तीन वेळा त्याला "बॅटरी संपली होती" म्हणालास. हे सोड. तुझी बॅटरी संपत नाही हे तुझ्याइतकंच त्यालाही कळतं, आणि जो आधीच स्वतःला नापास समजतो, तो या थापेचा अर्थ काय लावेल?

रविवारी पुण्यात जा आणि त्याला मेसमधून बाहेर काढून चहाला ने. मेसेज करून हे सांगू नकोस, कारण लिहिलेलं वाक्य माणूस रात्री पुन्हा उघडून वाचतो आणि दर वेळी ते जास्त कडू लागतं. आधी त्याला काय मिळणार आहे ते सांग, मग काय बंद होणार आहे ते. म्हणजे असं काहीतरी: "बुधवारी आणि शनिवारी साडेआठला, तुझं जेवण झालं की मीच फोन करत जाईन. पाऊण तास तुझा. पण दहानंतर मी उचलणार नाही. दहानंतर माझं डोकं चालत नाही, मी नुसता हं हं करतो आणि तुला वाटतं मी ऐकतोय. ही फसवणूक मला नको." यात त्याच्याबद्दल एक शब्द नाही हे बघ. "तू फार रडतोस," "तू निगेटिव्ह झालायस," असलं काही बोललास तर तो आपली बाजू मांडत बसेल आणि तूही मांडशील. तुझी बस पावणेसहाला येते, यावर मात्र कोण काय वाद घालणार?

आणि त्याची माफी मागू नकोस. ही तुझी खरी गोम आहे, म्हणून जरा थांबून बोलतो. दोघांनी एकत्र सुरुवात केली, तू सोडलंस, पगार घ्यायला लागलास आणि तो राहिला. रोज रात्रीचे दोन तास म्हणजे त्याचा दंड तू भरतोयस. पण या दंडातून त्याच्या हाती काय पडतं? तुझी जागरणं त्याच्या मार्कांत जमा होत नाहीत. असा दंड मीही वर्षभर भरला आणि मग एका रात्रीत सगळं देणंच बुडवलं. जो अपराधीपणानं ऐकतो तो एक दिवस रागानं तोडतो, असं माझं तरी झालं.

रविवारी सांगून झालं म्हणजे सोमवारी फोन यायचा थांबेल, असं समजू नकोस. उलट पहिल्या आठवड्यात जास्त येतील. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून कळलेली गोष्ट आहे: कळ दाबली की दाणा मिळतो अशी सवय लागली आणि दाणा बंद केला, तर प्राणी आधी आणखी जोरानं कळ दाबतो. आणि कधी दाणा दिला, कधी नाही, असं केलं तर ती सवय सुटता सुटत नाही. म्हणजे सहा फोन सोडून सातवा उचललास, तर सात वेळा फोन करायचा हे तूच त्याला शिकवलंस. मित्र काही कबुतर नव्हे, पण रात्री साडेबाराला आपण सगळेच थोडेफार कबुतर असतो.

रात्री त्याचा मेसेज आला आणि तू जागा असलास, तर ठरलेली एकच ओळ पाठव: "वाचलं रे. बुधवारी साडेआठला बोलू." त्यावर खुलासा नको आणि चर्चाही नको. सीमा रात्री ठरवायची नसते, रात्री ती फक्त पाळायची असते. सांगायचं ते दिवसा सांगून झालेलं असतं.

आणि बुधवारी साडेआठला फोन कर. तूच कर. ओव्हरटाइम असला तरी गेटपाशी उभं राहून दहा मिनिटं कर. तू त्याला झिडकारलं नाहीस, हे त्याला तुझ्या गोड बोलण्यातून कळणार नाही, त्या साडेआठच्या रिंगमधून कळेल. दोन बुधवार चुकवलेस तर तुझी सीमा आणि माझा एंगेज टोन यांत काही फरक राहिला नाही.

त्या पाऊण तासात काय बोलायचं, तेही बघ. अमांडा रोझ नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांनी मिळून एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसणं, हा त्याचा विषय. असं उगाळणाऱ्यांची मैत्री जास्त घट्ट आढळली, पण त्याच मुलांमध्ये उदासी आणि चिंताही जास्त दिसली. तुम्हा दोघांचं हेच झालंय. कटऑफची तीच गोष्ट तू किती वेळा ऐकलीस? पहिल्यांदा ऐक, दुसऱ्यांदाही ऐक. तिसऱ्यांदा सुरू झाली की म्हण, "हे मला पाठ झालंय, आज काय झालं ते सांग." आणि सुरुवातीलाच विचार, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" तू न विचारता सुचवत बसतोस. मग तो प्रत्येक सूचना खोडत जातो आणि तास संपतो.

आता एक गोष्ट या सगळ्याच्या वरची. त्याला रविवारीच सांगून ठेव: "खरंच अंगावर आलं, तर लागोपाठ दोनदा लाव. दुसरा मी उचलेन." तुझ्या फोनचं 'डू नॉट डिस्टर्ब' उघडून बघ, पुन्हा आलेला कॉल आत सोडायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते. याचा त्यानं एखादवेळी गैरफायदा घेतला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याशी बोल. रात्री भांडू नकोस.

रोजच्या तक्रारीत कुणावर तरी राग असतो, आयोगावर नाहीतर बापावर. तो राग गळून पडला आणि "मी सगळ्यांना ओझं झालोय," "आता कंटाळा आला जगायचा" असं आलं, पुस्तकं वाटून टाकली, किंवा एकदम निरवानिरवीचं बोलायला लागला, तर त्या रात्री दहा वाजलेत की दोन, हे बघायचं नाही. सरळ विचार: "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, ही भीती सोडून दे. हो म्हणाला तर फोन ठेवू नकोस. दुसऱ्या फोनवरून त्याच्या रूममेटला उठव, त्याला एकटं सोडू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली तरी पाळू नकोस. नंतर रागावला तर रागावू दे.

पण तुझ्या सांगण्यावरून तरी तो अजून चिक्कार चिडतोय. चिडतोय ते बरं आहे.

रविवारी चहाचे पैसे तू दे. तो देतो म्हणेल, देऊ देऊ नकोस. आणि कसं झालं ते मला संध्याकाळी कळव, नऊच्या आत.