लो फॉडमॅप आहाराने पाच आठवड्यांत माझी पोटफुगी आणि पोटदुखी बरीच कमी झाली आहे. मग आयबीएस या आतड्याच्या विकारासाठी हाच आहार कायम का ठेवू नये?

आहारतज्ज्ञ म्हणून मी आयबीएसच्या रुग्णांबरोबर काम करते आणि तुमच्या टप्प्यावर थांबलेली माणसे मला वारंवार भेटतात. बरे वाटत असताना वगळलेले पदार्थ पुन्हा खाण्याची भीती वाटते, हे मी समजू शकते. परंतु आतापर्यंत तुम्ही केवळ पदार्थ वगळण्याचा पहिला टप्पा पूर्ण केला आहे.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी काही कर्बोदके कमी केली जातात: गहू, कांदा आणि लसूण यांतील फ्रुक्टन, कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातील लॅक्टोज, मध व आंब्यातील जास्तीचे फ्रुक्टोज, आणि सॉर्बिटॉलसारखे पॉलिऑल. ही कर्बोदके आतड्यात पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. असे प्रत्येकाच्या पोटात घडते. आयबीएसमध्ये आतडे अधिक संवेदनशील असल्याने तोच ताण वेदना म्हणून जाणवतो. म्हणजे हे पदार्थ आतड्याला इजा करत नाहीत, आणि त्यांचे थोडे प्रमाण बहुतेकांना सोसते.

शिवाय फ्रुक्टन आणि गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड हे आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियासारख्या उपयुक्त जिवाणूंचे अन्न आहे. कठोर निर्बंधाच्या काही आठवड्यांतच या जिवाणूंची संख्या घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे. तंतुमय पदार्थ आणि कॅल्शियमही कमी पडू शकते. म्हणूनच हा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच ठेवतात.

पुढे एका वेळी एकच गट तपासायचा. माझ्या एका रुग्ण महिलेने पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा कप आणि तिसऱ्या दिवशी एक कप दूध घेतले. त्रास झाला नाही. तरीही सर्व चाचण्या संपेपर्यंत तिने दूध पुन्हा बंद ठेवले, कारण दोन गट एकत्र आले की त्रास नेमका कशामुळे झाला हे कळत नाही. दोन-तीन दिवसांच्या खंडानंतर तिने कांदा तपासला. एक चमचा चिरलेला कांदा सोसला. दुसऱ्या दिवशी दोन चमचे खाल्ल्यावर संध्याकाळी पोट फुगले, म्हणून तिने चाचणी तिथेच थांबवली. गव्हाच्या पावाचा एक काप चालला, दोन चालले नाहीत. गहू, कांदा आणि लसूण तिघांतही फ्रुक्टन असले तरी ते वेगवेगळे तपासावे लागतात, कारण प्रमाणात फार फरक असतो. शेवटी तिला कांदा-लसूण आणि गव्हाचे जास्त प्रमाण एवढेच टाळावे लागले. लसणाची चव तिला आजही घेता येते. फ्रुक्टन तेलात विरघळत नसल्याने लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या की काम होते.

गहू बंद करण्यापूर्वी तुमची सीलिअॅक रोगाची, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी झाली नसेल, तर डॉक्टरांशी आधी बोला, कारण गहू आहारात नसताना ती तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. तसेच शौचातून रक्त जाणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे ही आयबीएसची लक्षणे नव्हेत. त्यांपैकी काही असेल तर पदार्थांच्या चाचण्या थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.