गिरणी कामगारांचा अर्ज लिहायचाय? आधी साल पक्कं करा

प्रश्न: "मुलीला नववीत इतिहासाचा उपक्रम आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी मालकाला कामाचे तास कमी करा म्हणून दिलेला अर्ज स्वतः लिहायचा आहे. तिने आठ तासांची मागणी लिहिली तर बाईंनी 'काळाशी विसंगत' असा शेरा मारून परत दिला. खरा अर्ज कुठे बघायला मिळेल? नक्की काय मागायचं? सोमवारी द्यायचंय."

ताई, तुमची पोस्ट वाचून आमच्या घरातला तो आठवडा डोळ्यासमोर आला. मुलाला हाच उपक्रम होता, फक्त तेव्हा दहावी होती. मी इतिहासाचा माणूस नाही, तेव्हा चुकलं तर जाणकारांनी कान धरावा, पण या विषयात नको तेवढं डोकं घातलंय म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे खरा अर्ज "बघायला" मिळावा म्हणून कुठल्याही ऑफिसच्या पायऱ्या चढू नका, निदान सोमवारच्या आत तरी नाहीच. आम्ही गेलो होतो, नाव घेत नाही, गिरण्यांचे जुने कागद आहेत असं सगळे जिथलं सांगतात अशी जागा. पहिल्यांदा सांगितलं शाळेच्या लेटरहेडवर पत्र आणा. आणलं, तर म्हणे मुख्याध्यापकांचा शिक्का आहे पण विषय स्पष्ट नाही. ते करून आणलं तर साहेब रजेवर, आणि साहेबांशिवाय कपाट उघडत नाही. शेवटी साहेब भेटले, अगदी सज्जन माणूस, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की आमच्याकडचं सगळं १९२० नंतरचं आहे, कामगारांचे पुढारी लोखंडे यांच्या वेळचं काही नाही. अहो, मग हे पहिल्या दिवशी काउंटरवरच्या माणसाला सांगता आलं नसतं? त्याला माहीत होतं, कारण नंतर तोच म्हणाला, "मला वाटलंच होतं." पोराची तारीख टळली, उशिराचे मार्क कापले गेले ते वेगळंच. असो, राग अजून आहे, पुढे जातो.

बाईंचा शेरा मात्र बरोबर आहे. आठ तासांचा दिवस आपल्याकडे फार उशिरा आला, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली ती कारखाना कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीने, मग १९४८ च्या कायद्यात ती कायम राहिली. त्याआधी १९२० च्या जानेवारीतला मोठा संप झाला तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस पदरात पडला. १९११ च्या कायद्याने तर कापड गिरणीतल्या पुरुषाला बारा तास ही मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी बाराच्याही वर चालायचं. आता बघा, साल न ठरवता "तास कमी करा" लिहिलं की काय मागायचं तेच कळत नाही. १८८४ मध्ये आठ तास मागणारा कामगार मालकाला सोडा, शेजारच्या साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या माणसालाही येडा वाटला असता.

माझं मत, १८८४ घ्या. तेव्हा १८८१ चा कारखाना कायदा होता पण तो लहान मुलांपुरता, सात ते बारा वर्षांच्या पोरांना नऊ तास, मोठ्या माणसाच्या तासांबद्दल अवाक्षर नाही. मुंबईत सरकारने चौकशीला कमिशन नेमलं होतं, आणि नारायण मेघाजी लोखंडे, जे आधी स्वतः गिरणीत नोकरीला होते आणि नंतर 'दीनबंधु' वर्तमानपत्र चालवायचे, त्यांनी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या अगदी मोजक्या: रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झाला तर पोटाची सोय.

यात "इतके तास" असा आकडाच नाही हे लक्षात आलं का? मला आधी हे कमअस्सल वाटलं, मग एका रात्री बसून हिशेब मांडला. गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते, ते आले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि १९०५ च्या सुमाराला त्यांच्यामुळेच तास उलट वाढले. त्याआधी उजेड तोवर काम. मुंबईत जूनच्या मध्यावर सूर्य आजच्या घड्याळाने सहाच्या सुमाराला उगवतो आणि सव्वासातनंतर मावळतो. पण तेव्हाचा मुंबईचा टाइम आजच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होता, म्हणजे त्यांच्या घड्याळात उगवती साधारण ५.२० आणि मावळती ६.४०. उजेड तेरा तासांच्या वर. साडेसहाला सुरू केलं तर एक तास दहा मिनिटं वाचली, अर्धा तास दुपारचा, म्हणजे साधारण अकरा तास चाळीस मिनिटांचं काम उरलं. आता डिसेंबर घ्या, उगवती त्यांच्या घड्याळात साडेसहाच्याच आसपास, मावळती साडेपाचच्या आत. तिथे सकाळची वेळ मागून काहीच मिळत नाही, दिवसच मुळात अकरा तासांचा, फायदा फक्त दुपारच्या अर्ध्या तासाचा. म्हणजे ही मागणी उन्हाळ्याचा जाच कमी करणारी आहे आणि हिवाळ्यात मालकाचं जवळपास काही जात नाही. गरीब वाटणारी मागणी, पण मान्य करायला सोपी. हा हिशेब मुलीला तिच्या अर्जाच्या मागच्या पानावर करू द्या, बाईंना खरंच आवडेल.

आता एक अडचण. तुमचा उपक्रम म्हणतोय "मालकाला अर्ज", आणि १८८४ चं निवेदन गेलं सरकारी कमिशनकडे. मालकांच्याच दारात थेट मागणी घेऊन जाणं हे १८९० चं, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २४ एप्रिलला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन बायकाही तिथे बोलल्या, आणि रविवारच्या सुट्टीची मागणी गिरणी मालकांच्या संघटनेकडे गेली. १० जूनला त्यांनी ती मान्य केली. पण ती सुट्टीची मागणी, रोजच्या तासांची नाही. म्हणून मी सुचवेन की १८८४ च्या मागण्या घ्या आणि एका गिरणीतल्या एका खात्याने आपल्या एजंटसाहेबाला लिहिलंय असं दाखवा. एजंट म्हणजे गिरणी चालवणारी पेढी, मालक तोच समजायचा. गिरणीचं खरं नाव टाकू नका, "अमुक मिल" पुरे.

तासांच्या अर्जात पगाराची तारीख कशाला, असं पोरं विचारतात (आमच्या पोराने तर ती ओळ खोडलीच होती). पगार एक तर उशिरा व्हायचा, आणि नोटीस न देता काम सोडलं तर थकलेला पगार बुडायचा. म्हणजे मालकाच्या हातात तुमचे कित्येक दिवसांचे पैसे कायम अडकलेले, अशा माणसाने तास कमी मागण्याची हिंमत कुठून आणायची? पंधरा तारीख मागणं हे त्या भीतीवरचं औषध आहे. ही ओळ ठेवाच.

दुसरी अडचण जास्त अवघड, आणि बहुतेक नमुना अर्जांत ती गायब असते. साचेखात्यातल्या विणकराला कापडाच्या मापावर पैसे मिळायचे, महिन्याच्या बांध्या पगारावर नाही. तास कमी झाले तर त्याचं कापड कमी, पैसे कमी. मग तो सही का करेल? म्हणून अर्जात त्याचं उत्तर हवं, आणि ते दयेचं नको, कामाचं हवं. संध्याकाळी उजेड मंदावला की तुटलेला धागा दिसत नाही, कापड बिघडतं, दंड कापला जातो, तेव्हा शेवटच्या घटकेत जे विणलं त्यातलं बरंचसं दोघांच्याही कामाचं नाही. असं लिहिलं की विणकरही सही करतो आणि मालकालाही ऐकावं लागतं. नमुना देतो, पण हा तसाच उतरवू नका, बाईंना लगेच कळेल:

"मेहेरबान एजंटसाहेब यांसी, खाली सह्या व निशाण्या करणार आपले साचेखात्यातील नोकर यांचा अर्ज ऐसा जे, ज्येष्ठ महिन्यात आम्ही दिवस फटफटताच खात्यात येतो व दिवेलागणीस सुटतो. दुपारी भाकर खाण्यास वेळ नेमिलेला नाही, सबब एकाने शेजाऱ्याचे साचे सांभाळावे तेव्हा दुसऱ्याने चार घास खावे. सायंकाळी नजर ठरत नाही, धागा तुटलेला कळत नाही, कापड बिघडते व त्याचा दंड आम्हांवर बसतो. याजकरिता गिरणी सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावी व दुपारी अर्धा तास मिळावा. सरकारचे कमिशनापुढे जाण्याआधी आपले पायाशी आलो आहो."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. वरवर नम्र, पण आत धमकी आहे. त्या काळी मालकांना सरकारी कायद्याची भीती होतीच, मँचेस्टरवाले आपल्या धंद्यावर जळून कायदा मागतात अशी त्यांची ओरड असायची, त्यामुळे घरातच मिटवा असं सुचवणं कामगारांना सोयीचं. "शोषण", "हक्क", "मानवाधिकार" असले शब्द मात्र अजिबात नकोत, ते आजचे.

सह्यांबद्दल: सगळ्यांनी सुंदर अक्षरात सह्या केल्यात असं दाखवू नका, बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. जुन्या मराठी कागदांवर कुणबी नांगराची निशाणी काढायचे आणि बायका बांगडीची, गिरणीत आलेली बरीच माणसं घाटावरची नि कोकणातली शेतकरीच, तेव्हा निळ्या शाईच्या अंगठ्यांपेक्षा मी हीच चित्रं काढायला सांगेन. आणि निशाण्या गोलात काढायच्या, म्हणजे पहिलं नाव कुणाचं ते कळत नाही. हे गोलाचं माझ्या डोक्यातलं आहे, पुरावा मागू नका, पण पुढारी कोण ते कळलं तर जॉबर, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम, त्याला दुसऱ्या दिवशी दारातच अडवेल एवढं मुलीने समजून घेतलं तर पुरे.

कागद चहात बुडवून जुना करण्याच्या फंदात पडू नका, शाई पसरते आणि आदल्या रात्री परत लिहायला लागतं. तारीख ऑक्टोबर १८८४ घाला, सप्टेंबरच्या सभा होऊन गेलेल्या असतात. बाईंनी विचारलंच की कायदा कधी बदलला, तर १८९१, त्यात बायकांना अकरा तास आणि सगळ्यांना आठवड्याची सुट्टी आली, मोठ्या पुरुषांच्या तासांना मात्र तेव्हाही हात लावला नव्हता.