घड्याळातला आकडा हलला नाही, तरी अकरा मिनिटं वाचली

«वर्षभर घड्याळ व्हीओटू मॅक्स ४६च दाखवतंय. पण माझी हाफ मॅरेथॉन २ तास ५ मिनिटांवरून १ तास ५४ मिनिटांवर आली. मग आकडा का वाढत नाही? बराचसा सराव रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर होतो.»

तुमची प्रगती खरी आहे, फक्त ती त्या आकड्यात दिसत नाही. थोडं गणित करू. सपाटीवर एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलोमागे ढोबळमानाने २०० मिली ऑक्सिजन लागतो. तुमच्या जुन्या वेगाला मिनिटाला सुमारे ३४ मिली लागत होता, आताच्या वेगाला ३७. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर दर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरू शकतं ती मर्यादा, ४६ मिली धरली, तर आधी तुम्ही तिच्या ७३ टक्क्यांवर हाफ मॅरेथॉन धावत होतात, आता ८० टक्क्यांवर धावता. म्हणजे छत तेवढंच आहे, पण तुम्ही त्याच्या जास्त जवळ राहून दोन तास टिकता. (पाऊल टाकण्यातली काटकसर सुधारली असेल, तर थोडं श्रेय तिचंही.)

हे छत मुख्यतः हृदय एका मिनिटात किती रक्त ढकलतं यावर ठरतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत ते भराभर वाढतं, मग संथ होतं. लॅक्टेट थ्रेशोल्ड, म्हणजे जोरात धावताना तयार होणारं लॅक्टेट रक्तात साचू लागण्याचा टप्पा, मात्र स्नायूंत घडतो. तिथे मायटोकाँड्रिया आणि केशवाहिन्या वाढतात, आणि तयार झालेलं लॅक्टेट शेजारचे तंतू व हृदय इंधन म्हणून वापरतात. लॅक्टेट विष नाही. ते वापरण्यापेक्षा तयार होण्याचा वेग वाढला की रक्तात साचू लागतं, आणि तो टप्पा तुमच्यात पुढे सरकलाय. हे काम वर्षानुवर्षं चालू राहतं.

आता भाट्याचं. घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही, वेग आणि नाडी जुळवून अंदाज बांधतं. कोरड्या पुळणीत टाच रुतते, वेग पडतो, नाडी चढलेलीच राहते, आणि घड्याळाला वाटतं दम कमी आहे. मे महिन्यात घाम वाळतच नाही, रक्त कातडीकडे वळतं, तेव्हाही तेच. एकदा भरतीच्या वेळी आठवडाभर वरच्या मऊ वाळूत धावलो, तर माझा आकडा दोनने उतरला होता.

म्हणून थ्रेशोल्ड स्वतः मोजा. डिसेंबर-जानेवारीत, पहाटे, सपाट डांबरी रस्त्यावर. नीट वॉर्मअप करून एकट्याने ३० मिनिटं जमेल तितकं जोरात, पण एकसारखं धावा. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी म्हणजे तुमच्या थ्रेशोल्डची नाडी. शेवटच्या दहा मिनिटांत वेग घसरला, तर सुरुवात फार जोरात झाली. तो आकडा टाकून द्या आणि आठवड्याने पुन्हा करा.

मग आठवड्यातून एकदा त्या नाडीच्या आसपास दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा, मधे दोन मिनिटं हळू जॉग. एका श्वासात तीन-चार शब्दच बोलता यावेत. पूर्ण वाक्य निघालं तर हळू चाललंय, शब्दच फुटेना तर तुम्ही थ्रेशोल्ड ओलांडलाय. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकंच धावा. पुळणीवर जायचं तर ओहोटीला, पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूत.