वक्ता परिचय: आधी छोटा, मग मोठा

पहिल्याच परिषदेसाठी दोन परिचय मागितलेत, तर सुरुवात छोट्यापासून करा. साधारण 50 शब्द पुरतात, कारण सूत्रसंचालक तो मंचावरून अर्ध्या मिनिटात वाचून दाखवतात. म्हणून तो मोठ्याने वाचून बघा. जिथे तुमचा श्वास अडकतो तिथे त्यांचाही अडकेल.

पहिल्या वाक्यात नाव, सध्याचं काम आणि आजच्या विषयाशी नातं आलं पाहिजे. तुमचं व्याख्यान विहिरींच्या पाणीपातळीवर आहे, तर असं लिहा: "मीरा जोशी या भूजलतज्ज्ञ असून 2018 पासून दुष्काळी गावांतल्या विहिरींची पातळी मोजतात." जन्मगाव, शाळा इथे नको.

मोठा परिचय, सुमारे 150 शब्दांचा, पुस्तिकेत छापला जातो. त्याची सुरुवात तीच ठेवा. पुढे दोन-तीन ठळक कामं, मग शिक्षण.

नवखे हमखास इथे चुकतात:
- मध्येच "माझे संशोधन" येतं. शेवटपर्यंत "त्यांचे"च हवं, आणि क्रियापद आदरार्थी.
- "गेली सात वर्षे" पुढच्या वर्षी खोटं ठरतं; सालच द्या.
- "सुप्रसिद्ध", "अभ्यासू" ही विशेषणं. ती काढा आणि त्या जागी केलेलं काम लिहा.