पहिलं करडू विकेपर्यंतचे चौदा महिने

प्रश्न: माझ्या डिप्लोमाचा प्रकल्प शेळीपालनावर आहे आणि तोच पुढे व्यवसाय म्हणून करायचा आहे. २० बोअर शेळ्या, एक बोकड आणि पक्का गोठा, असं ठरवलंय. निम्मं भांडवल गोठ्यात जाईल. कर्जाचा हप्ता तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. घेऊ का कर्ज?

उत्तर: या अटींवर घेऊ नका. धंदा तोट्याचा आहे असं मी म्हणत नाही, पण शेळीच्या पोटातलं वेळापत्रक आणि हप्त्याचं वेळापत्रक इथे जुळत नाही.

महिने मोजून बघा. आणलेल्या शेळ्या पहिले तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवायच्या, जंतनाशक द्यायचं, पीपीआर या साथीच्या रोगाची आणि आंत्रविषाराची लस टोचून घ्यायची. मग त्या माजावर येणार. माज साधारण २१ दिवसांनी फिरतो, त्यामुळे पहिल्या वेळी गाभण न राहिलेल्या शेळ्या धरून भरवणीला दुसरा-तिसरा महिना लागतो. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे वेत सातव्या-आठव्या महिन्यात. करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-सात महिने. पहिली विक्री चौदाव्या महिन्याच्या आसपास येते. तोवर तुमचे अकरा हप्ते गेलेले असतील. हे हप्ते भरायला माणूस गाभण शेळ्या विकायला काढतो, आणि तिथून कळप परत उभा राहत नाही. गाभण शेळ्याच विकत घेऊन हा काळ कमी करता येतो, पण लांबच्या प्रवासात गर्भपाताचा धोका असतो, त्यामुळे सगळा हिशेब त्यावर उभा करू नका.

आता करडं मोजा. २० पैकी १७ शेळ्या विल्या आणि सरासरी दीड करडू धरलं, तर २५ करडं होतात. नवख्या माणसाने त्यातली चार मरतील असंच धरावं. चार चांगल्या पाटी, म्हणजे मादी करडं, कळपासाठी ठेवल्या की विकायला उरली १७. पहिल्या चौदा महिन्यांचा चारा, औषधं, मजुरी आणि हप्ते यांच्या बेरजेला १७ ने भागा. येणारा आकडा म्हणजे एका करडामागचा तुमचा खर्च. तो विक्रीच्या भावापेक्षा जास्त निघाला, तर कागदावरचा वार्षिक नफा कितीही दिसो, पहिल्या वेतात तुम्ही अडकणार. घडी नीट बसली की दोन वर्षांत तीन वेतं मिळतात आणि हाच आकडा खाली येतो.

भांडवल खरं लागतं ते चाऱ्याला. ३० किलोच्या शेळीला रोज साधारण ३ किलो हिरवा चारा, अर्धा किलो सुका चारा आणि २०० ग्रॅम खुराक धरा. २१ जनावरांना रोज चार किलोंहून थोडा जास्त खुराक, म्हणजे चौदा महिन्यांत जवळपास १,८०० किलो. गाभण काळाचा शेवटचा दीड महिना आणि करडांचा खुराक यात धरलेला नाही. बोअरची शेळी याच्या दुपटीहून वजनदार असू शकते. तिची वाढ जोमदार असते, पण ती पोटभर खाल्ल्यावरच. स्वतःचा चारा नसेल तर पहिल्या कळपाला तुमच्या हवामानात रुळलेली जात घ्या: उस्मानाबादीसारखी, जुळी देणारी आणि मध्यम वजनाची. बोअरचा बोकड पुढे संकरासाठी आणता येईल.

गोठ्यावर मात्र हात आखडता घ्या. शेळीमागे १२ चौरस फूट छप्पर, बोकडाला वेगळा कप्पा, करडांना कोरडा कोपरा आणि छपराच्या दुप्पट मोकळं कुंपण पुरतं. शेळीला भिंत नसली तरी चालते, ओल चालत नाही. गोठ्यात पहाटे गुडघ्यावर बसा आणि शेळीच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर खाली मूत्र साचतंय, आणि तिथे करडं आधी खोकतात. महागड्या विटांपेक्षा जमिनीच्या उतारावर खर्च केलेला पैसा करडं वाचवतो.

विक्रीचा विचार भरवणीच्या आधी करा. मागणी ज्या महिन्यात वाढते तिथून बारा महिने मागे मोजा आणि त्या सुमारास बोकड सोडा. व्यापारी नुसत्या नजरेने भाव सांगेल, म्हणून करडं दर पंधरा दिवसांनी काट्यावर घ्या आणि वजन वहीत लिहा. वहीसमोर घासाघीस कमी होते.

माझा सल्ला असा: १० शेळ्या आणि एक बोकड, गोठ्यावर भांडवलाच्या पाव भागापेक्षा जास्त खर्च नाही, आणि चौदा महिन्यांचा चारा-खुराक आधी बाजूला. बँकेकडे पंधरा महिने हप्ता न भरण्याची सवलत आणि पुढे विक्रीला जोडलेले सहामाही हप्ते मागा. प्रकल्प अहवालातही वार्षिक नफ्याच्या एका ओळीऐवजी महिनावार आवक-जावकेचा तक्ता जोडा. तोच तक्ता घेऊन बँकेत जा, आणि ती सवलत मिळाली नाही तर कर्जाशिवाय पाच शेळ्यांनी सुरुवात करा.