पैठणीची घडी मोडा

प्रश्न: आजीची जुनी पैठणी माझ्याकडे आली आहे. घडीवर विरू नये, कसर लागू नये आणि जर काळी पडू नये म्हणून ती कशी ठेवावी?

घडी मोडा. आज घरी गेल्यावर पहिलं काम तेच करा, बाकीचं नंतर.

आमच्या सासूबाईंची लग्नातली नऊवारी थोरल्या जाऊबाईंकडे होती. जांभळी, नारळी काठाची, पदर जरीने गच्च भरलेला. सासूबाई गेल्यापासून ती दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसकट, ट्रंकेच्या तळाशी पडून होती. वर शालींची चळत. मी दर दिवाळीला म्हणायचे, "ताई, एकदा उघडून वारं लागू द्या." उत्तर ठरलेलं: "आईंच्या हातची घडी आहे, मोडायची नाही." वर "तुला काय कळतं पैठणीतलं" हेही ऐकलं. शेवटी पुतण्याच्या लग्नात ती बाहेर निघाली. पदर खिडकीशी धरला तर घडीच्या रेघेवर कात्रीने कापल्यासारखी चीर, पलीकडचं अंगण दिसत होतं. चिरेच्या दोन्ही कडांची जर काळी पडलेली, आणि वीतभर अंतरावर तीच जर पिवळीधमक. एकाच पदरावर, एकाच ट्रंकेत!

हे का झालं ते नीट समजून घ्या, म्हणजे तुमचे तिन्ही प्रश्न वेगळे राहणार नाहीत. जुनी खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा पातळ मुलामा. एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडून वर वजन ठेवलं की ती तार तिथे मोडते आणि तिच्या कडा आतलं रेशीम कापतात. मुलामाही आधी तिथेच जातो. उघड्या पडलेल्या चांदीला हवेतलं गंधक लागतं आणि ती काळी पडते. लोकरीतही गंधक असतं, त्यामुळे शाली शेजारी ठेवू नका, रबरबँड लावू नका. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, ती निराळी भर. म्हणजे काळ्या जरीचं मूळही बऱ्याचदा घडीतच असतं.

ती साडी आता माझ्याकडे आहे आणि मी ती गुंडाळून ठेवते. कापडाच्या दुकानात ताग्याची पुठ्ठ्याची नळी मागा, तीन-चार इंच जाड आणि साडीच्या पन्ह्यापेक्षा थोडी लांब. पुठ्ठ्यातलं आम्ल रेशमाला लागू नये म्हणून नळीवर आधी अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि त्यावर मऊ मलमल गुंडाळा. मलमल पांढरी, खळ पूर्ण काढून धुतलेली हवी. साध्या टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे पदर सगळ्यांत बाहेर येतो आणि त्याला कमीत कमी वळण पडतं. काठावर काठ घासू नये म्हणून साडीबरोबर मलमलीचा एक थर गुंडाळत जा. घट्ट ओढू नका. वरून मलमलीचं आवरण आणि सैल सुती नाड्या. हँगरला मात्र कधीही लावू नका, भरल्या पदराचं वजन रेशमालाच ओढतं.

एवढी लांब जागा नसेल तर घडी घाला, पण प्रत्येक दुमडीत मलमलीची जाडसर वळकटी ठेवा, म्हणजे कोन न पडता गोलाई येते. तीन-चार महिन्यांनी दुमड चार बोटं सरकवा. पैठणी चळतीच्या सगळ्यांत वर राहू द्या.

कसरीबद्दल थोडक्यात. खळ, घाम आणि जेवणाचे डाग यांवर कीड आधी येते, म्हणून नेसलेली साडी तशीच आत टाकू नका. वेखंड किंवा वाळलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पण त्याने कीड मरत नाही, म्हणून वरचेवर उघडून पाहायलाच हवं. डांबरगोळी साडीला टेकता कामा नये. वारं द्यायचं ते पावसाळा सरून हवा कोरडी झाल्यावर, घरात, सावलीत. उन्हात रंग जातो.

काळी पडलेली जर लिंबाने, टूथपेस्टने किंवा चांदीच्या पॉलिशने घासू नका. काळेपणाबरोबर उरलासुरला मुलामाही निघतो आणि रेशमाचा रंग फुटतो. आमच्या चिरेवर रफूगाराने टाका घालायला नकार दिला, नवा दोरा जुनं रेशीम आणखी कापेल म्हणाला. मागून मलमल लावून पदर सावरला आहे, नेसण्याजोगा राहिलेला नाही.

एक सांगायचं राहिलं: हे सगळं खऱ्या जरीचं. प्लास्टिकची जर अशी काळी पडत नाही, तांब्याच्या तारेची मात्र लवकर पडते. आणि तुमच्या पैठणीचं रेशीम हात लावताच तुटत असेल तर ती गुंडाळू नका, पुन्हा घडीही घालू नका. जेवढी उलगडेल तेवढी मलमलीवर सपाट ठेवून आधी वस्त्र-संवर्धनाचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा.